आधी कर्ता शोधा, मग क्रियापद

बँक किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची तयारी तुम्ही नुकतीच सुरू केली आहे, म्हणून इंग्रजी व्याकरणाच्या नियमांची लांबलचक यादी पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या: क्रियापद दिसले की त्याचा खरा कर्ता शोधायचा.

‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स हॅव बीन डिस्प्लेड’ हे वाक्य पाहा. क्रियापदाला लागून अनेकवचनी ‘कँडिडेट्स’ असल्यामुळे ‘हॅव’ कानाला खटकत नाही, आणि परीक्षक नेमका त्याचाच फायदा घेतो. ‘ऑफ’पासून ‘कँडिडेट्स’पर्यंतचा भाग पेन्सिलीने कंसात टाकला की ‘द लिस्ट’ हा एकवचनी कर्ता उरतो, म्हणून ‘हॅज’ हवे. ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ किंवा ‘अलाँग विथ’ने जोडलेली नावेही अशीच कंसात जातात, ‘अँड’ने जोडलेली मात्र सहसा जात नाहीत.

काळाच्या प्रश्नात आधी कालवाचक शब्द शोधा. ‘मी काल आलो आहे’ असे आपण सहज म्हणतो, त्यामुळे ‘आय हॅव कम यस्टरडे’ हे वाक्य आपल्याला बरोबर वाटते. पण ‘यस्टरडे’सारखी संपलेली वेळ दिली असेल तर साधा भूतकाळ, म्हणजे ‘आय केम यस्टरडे’, हेच योग्य. पुढे दुसरे क्रियापद आले, तर काळ विनाकारण बदललेला नाही ना, एवढे तपासा. मात्र ‘द टीचर सेड दॅट द अर्थ इज राउंड’मधला ‘इज’ चूक समजू नका, कारण नित्य सत्य वर्तमानकाळातच राहते.

‘नीदर-नॉर’ आणि समूहवाचक नामे सध्या बाजूला ठेवा.