26 टक्क्यांच्या जागी 13 : नायट्रेटचा नायट्रोजन जातो कुठे?

"कॅल्शियम अमोनियम नायट्रेट, गोणीवर 26 टक्के लिहिलंय, आमच्याकडे कधी 13 येतं कधी 11. अमोनियम सल्फेट लावलं तर 21.1 बरोब्बर येतं. टायट्रेशनचं ॲसिड बदलू का?"

ॲसिडला हात लावू नका. अमोनियम सल्फेट बरोबर येतंय म्हणजे डिस्टिलेशन, बोरिक, ब्युरेट सगळं ठीक आहे, पण त्यात नायट्रेट नसतंच, त्यामुळे तुमचा खरा घोळ ते दाखवणारच नाही. या खतातला अर्धा नायट्रोजन नायट्रेटचा असतो आणि साध्या केल्डाल डायजेशनमध्ये तो अमोनिया न होता धुरात निघून जातो. वर जाता जाता थोडा अमोनियापण ऑक्सिडाइज करून नेतो, म्हणून 13 च्याही खाली जाता.

आम्ही हेच सॅम्पल बाहेरच्या एका लॅबला दिलं होतं (नाव नको). रिपोर्ट 12.8. विचारलं तर "मेथडप्रमाणेच केलंय", परत करा म्हटलं तर परत फी आणि परत तीच साधी मेथड. नायट्रेट आहे का हे एकदाही विचारलं नाही. दुप्पट पैसे घेऊन तोच चुकीचा आकडा, आणि तोवर माल अडकलेला!

तर करायचं काय. सॅम्पल बारीक दळा, 0.2 ग्रॅम कोरड्या फ्लास्कमध्ये घ्या, त्यात 2 ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड विरघळवलेलं 40 मिली थंड सल्फ्युरिक टाका आणि अर्धा तास अधूनमधून हलवत गार ठेवा. नायट्रेट इथे सॅलिसिलिकला चिकटतं, पाणी असेल तर चिकटत नाही, म्हणून धुतलेला ओला फ्लास्क चालणार नाही. मग 5 ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, पाच मिनिटं थांबा, फेस बसेपर्यंत मंद आच, त्यानंतरच कॅटलिस्ट आणि नेहमीचं डायजेशन. घाई इथेच नडते.

हिशोब: 0.2 ग्रॅममध्ये 52 मिग्रॅ नायट्रोजन, म्हणजे 0.1 N ॲसिड ब्लँक वजा करून साधारण 37.1 मिली लागायला हवं. 18.6 च्या आसपास अडकलात तर समजा नायट्रेट गेलं.

`%N = 1.4007 × (V − B) × N ÷ W`

आणि हो, बोरिकमध्ये अमोनिया धरला की याला बॅक टायट्रेशन म्हणू नका, ते सरळ टायट्रेशन आहे. बॅक टायट्रेशनचा फॉर्म्युला लावून बसलेले लोक पाहिलेत मी. बोरिक मोजून घ्यायची गरज नाही, फक्त पुरेसं हवं.

चेक म्हणून शुद्ध पोटॅशियम नायट्रेट लावा, 13.85 यायला हवं. माझ्या मते ते आल्याशिवाय सॅम्पलचा आकडा कुणाला सांगूच नये. क्लोराइड भरपूर असलेल्या मिश्र खताला मात्र ही मेथड दगा देते. तिथे युरिया नसेल तर डेवार्डा अलॉय वापरा, आच हळूहळू वाढवा नाहीतर फेस वर चढून अल्कली थेट बोरिकमध्ये जातं आणि रीडिंग फुगतं.

(तुमच्या लॅबची मंजूर मेथड वेगळी असेल तर तीच पाळा, आणि हे सगळं फ्यूम हूडमध्ये.)