चांगली मुलगी आणि चांगली मुलं

“आई, मी आजीला ‘चांगला पुस्तक वाचला’ असं लिहिलं. तिने ते ‘चांगलं पुस्तक वाचलं’ असं करून पाठवलं. तेवढं कळलं. पण मग ‘चांगली मुलं’ का म्हणतात? ‘चांगली’ तर मुलीसाठी असतं ना? आणि मधेच ‘चांगल्या’ कुठून येतं?”

प्रिय सई,

आधी ‘मुलं’ हा शब्द नीट बघू, कारण सगळी गडबड तिथेच होते. ‘मुलं’ हे ‘मुलगा’चं अनेकवचन नाही. एक मुलगा, दोन मुलगे. एक मुलगी, दोन मुली. एक मूल, दोन मुलं. ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, आपण ‘ते मूल’ म्हणतो. म्हणून हे तिन्ही वेगवेगळे होतात:

चांगले मुलगे. चांगल्या मुली. चांगली मुलं.

बोलताना नुसत्या मुलग्यांनाही बरेच जण ‘मुलं’ म्हणतात. तरीसुद्धा विशेषण ‘चांगली’च राहतं. विशेषण समोर कोण उभं आहे ते बघत नाही, समोर कोणता शब्द आहे ते बघतं.

आता ही ‘ई’ आली कुठून? तुला पाठ असलेले तीन शब्द घे: आंबा, पोळी, गाणं. त्यांचं अनेकवचन तू विचार न करता करतेस. आंब्याचे आंबे होतात, पोळीच्या पोळ्या होतात आणि गाण्याची गाणी होतात. ‘चांगला’ अगदी याच तिघांच्या मागून चालतो:

चांगला आंबा, चांगले आंबे.
चांगली पोळी, चांगल्या पोळ्या.
चांगलं गाणं, चांगली गाणी.

म्हणजे ‘चांगली मुलं’मधली ‘ई’ मुलीकडून आलेली नाही, ती ‘गाणी’, ‘भांडी’, ‘अंडी’, ‘खेळणी’ यांच्यातली ‘ई’ आहे. नपुंसकलिंगी एकवचनात शेवटी ‘अं’ असतो, अनेकवचनात त्याची ‘ई’ होते. स्त्रीलिंगी एकवचनातही ‘ई’च असल्यामुळे दोन्ही सारखे दिसतात, एवढंच.

अडलीस तर हे तीन शब्द मनात म्हण आणि तुझा शब्द त्यांच्यापैकी कोणाच्या घरातला आहे ते ठरव. त्याच्या स्वतःच्या शेवटच्या अक्षराकडे बघू नकोस, त्याला ‘तो’, ‘ती’ की ‘ते’ म्हणतो ते बघ. ‘लाडू’ला आपण ‘तो’ म्हणतो, म्हणून तो आंब्याच्या घरातला: मोठा लाडू, मोठे लाडू. इथे ‘लाडू’ हा शब्द बदललाच नाही. एक आहे की अनेक, हे फक्त विशेषणाने सांगितलं. ‘घर’ला ‘ते’ म्हणतो, म्हणून ते गाण्याच्या घरातलं: मोठं घर, मोठी घरं. ‘भिंत’ ही ‘ती’: मोठी भिंत, मोठ्या भिंती.

एखादा शब्द ‘तो’ की ‘ती’ हेच माहीत नसेल, तर आजीला विचार, “आजी, ‘माझा’ दप्तर, ‘माझी’ दप्तर की ‘माझं’ दप्तर?” ती क्षणात ‘माझं’ म्हणेल. मग ‘जुनं दप्तर’, ‘जुनी दप्तरं’ हे तुझं तुला करता येईल. नवा शब्द शिकताना वहीत नुसतं ‘दप्तर’ न लिहिता ‘माझं दप्तर’ असं लिही, म्हणजे लिंग शब्दासोबतच लक्षात राहतं. बाहेरून आलेल्या शब्दांनाही यातून सुटका नाही. नवा फोन, नवी बस, नवं टेबल. बसला आणि कारला आपण ‘ती’ म्हणतो, गाडीसारखं.

तू आजीला पुस्तकाबद्दल लिहिलंस, तर तेच वाक्य पुढे नेऊ. ही सहा वाक्यं मोठ्याने वाच:

मी चांगला लेख वाचला.
मी चांगले लेख वाचले.
मी चांगली गोष्ट वाचली.
मी चांगल्या गोष्टी वाचल्या.
मी चांगलं पुस्तक वाचलं.
मी चांगली पुस्तकं वाचली.

विशेषण आणि क्रियापद दोघांचा शेवट सारखाच होतो आहे. झालेली गोष्ट सांगताना ‘वाचणे’, ‘बघणे’, ‘ऐकणे’, ‘आणणे’ अशी क्रियापदं ‘मी’कडे न बघता वाचलेल्या किंवा आणलेल्या वस्तूकडे बघतात. (‘बोलणे’, ‘विसरणे’ अशी काही क्रियापदं मात्र करणाऱ्याकडेच बघतात. त्यांचं वेगळं बोलू.) म्हणून आजीने तुझ्या वाक्यात दोन शब्द बदलले, एक नाही. याचा तुला एक फायदा आहे. ‘चांगला’ आणि ‘वाचलं’ असे दोन वेगळे शेवट एका वाक्यात दिसले, तर त्यातला एक नक्की चुकलेला आहे.

तिसरं आणि सहावं वाक्य मात्र परत बघ. दोन्हीकडे ‘चांगली’ आणि दोन्हीकडे ‘वाचली’. इथे क्रियापद काही मदत करत नाही. ‘आहे’ असेल तर फरक कळतो: मुलगी चांगली आहे, मुलं चांगली आहेत. पण ‘होती’ आलं की तो फरक गेला: मुलगी चांगली होती, मुलं चांगली होती. अशा वेळी एक की अनेक, हे फक्त नामावरून कळतं. म्हणून ‘पुस्तकं’वरचा अनुस्वार विसरू नकोस. ‘चांगली पुस्तक’ असं लिहिलंस तर वाचणारा अडखळतो.

अनुस्वाराबद्दल आणखी एक. तुझ्या पाठ्यपुस्तकात ‘चांगले पुस्तक’ असं छापलेलं असेल. ते बरोबरच आहे. आपण बोलताना ‘चांगलं’ म्हणतो, छापील मराठीत त्याचंच ‘चांगले’ होतं, तसंच ‘पुस्तकं’चं ‘पुस्तके’. पण ‘चांगले आंबे’मधला ‘चांगले’ बोलतानाही ‘चांगले’च असतो, तिथे ‘चांगलं आंबे’ कधीच होत नाही. आजीला लिहिताना बोलतेस तसं लिही, फक्त एका पत्रात एकच पद्धत ठेव. ‘चांगले पुस्तक वाचलं’ ही खिचडी नको.

आता तुझं ‘चांगल्या’. ते दोन ठिकाणी येतं. एक तू वर पाहिलंस, अनेक स्त्रीलिंगी वस्तू असल्या की: चांगल्या गोष्टी, चांगल्या पोळ्या. दुसरं ठिकाण फार महत्त्वाचं आहे. नामाला मागून काही चिकटलं, म्हणजे ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘चा’, ‘साठी’, ‘खाली’ असं काहीही, की त्याच्या आधीचं विशेषण ‘चांगल्या’ होतं. मग लिंग कुठलंही असो, एक असो की अनेक असोत.

चांगला मुलगा, पण चांगल्या मुलाला.
चांगली मुलगी, पण चांगल्या मुलीला.
चांगलं घर, पण चांगल्या घरात.
चांगली मुलं, पण चांगल्या मुलांसाठी.

सहा रूपांचं इथे एकच रूप झालं, म्हणजे खरं तर हे सोपं आहे. तरी दुसऱ्या ओळीत तुझ्या वयाची मुलं हमखास चुकतात, ‘चांगली मुलीला’ म्हणतात. मैत्रिणींशी हिंदी बोलणाऱ्यांचं तर जास्तच होतं, कारण हिंदीत ‘अच्छी लड़की को’ असं ‘अच्छी’ तसंच राहतं. मराठीत राहत नाही. मोठी बहीण, पण मोठ्या बहिणीने. काळी मांजर, पण काळ्या मांजरीची शेपटी. हिंदीत नपुंसकलिंगही नाही, त्यामुळे ‘मेरा घर’च्या चालीवर ‘माझा घर’ तोंडात येतं. ते ‘माझं घर’.

समजा, तू आजीला असं लिहिलंस:

“मोठी बागेत लाल फूल होता. छोटा मुली खेळत होत्या. मी चांगला गाणी ऐकली.”

एकेक शब्द तपासू. ‘बाग’ स्त्रीलिंगी आहे हे तू ओळखलंस, पण तिला ‘त’ चिकटला आहे, म्हणून ‘मोठ्या बागेत’. ‘लाल’ला हात लावायचा नाही, ते कधीच बदलत नाही. ‘फूल’ला आपण ‘ते’ म्हणतो, म्हणून ‘होता’चं ‘होतं’. ‘मुली’ अनेक आहेत, पोळ्यांसारख्या, म्हणून ‘छोट्या मुली’. ‘गाणी’ तर आपलं ठरलेलंच, ‘चांगली गाणी’. ‘ऐकली’ तू आधीच बरोबर लिहिलं होतंस, त्याच्याकडे बघूनही ‘चांगला’ चुकलंय हे पकडता आलं असतं.

‘लाल’ का बदललं नाही, तर बदलतात ती फक्त ‘आ’ने संपणारी विशेषणं: मोठा, काळा, पिवळा, गोरा, ओला, जुना. लाल, गोड, कडू, सुंदर, हुशार, गरम, छान ही सगळ्यांसमोर तशीच राहतात. काही जोड्या तर मजेच्या आहेत. ‘नवा’ बदलतो, ‘नवीन’ बदलत नाही. ‘छोटा’ बदलतो, ‘लहान’ बदलत नाही. एखाद्या शब्दाचं लिंग आठवत नसेल आणि घाई असेल, तर ‘नवीन’ लिहून वेळ निभावता येते. ‘आ’ने संपूनही न बदलणारं एक आहे, ‘जादा’: जादा बस, जादा पैसे, जादा काम.

मोठ्या माणसांबद्दल लिहिताना एकाच माणसासाठी अनेकवचन वापर. आजोबा चांगले आहेत. आमच्या बाई खूप चांगल्या आहेत. ‘बाई चांगली आहे’ असं शिक्षिकेबद्दल लिहिलंस तर व्याकरण चुकत नाही, पण उद्धटपणा होतो. आजीला मात्र आपण ‘तू’ म्हणतो, म्हणून ‘आजी, तू किती चांगली आहेस’ हेच गोड वाटतं.

आणि कुठलं नामच नसेल तेव्हा? तेव्हा नपुंसकलिंग एकवचन: बरं झालं. आज चांगलं वाटतंय.

एक गोष्ट टाइप करतानाची. ‘पांढरा’, ‘दुसरा’, ‘खरा’ यांना ‘या’ लागला की पांढऱ्या, दुसऱ्या, खऱ्या असं होतं. नेहमीचा ‘र’ घेऊन जोडलंस तर ‘सूर्य’सारखा रफार ‘य’च्या डोक्यावर चढतो, ते चूक. त्यासाठी कीबोर्डवर खाली टिंब असलेला ‘ऱ’ असतो. बहुतेक फोनवर ‘र’ दाबून धरला की तो दिसतो. तो घे, मग हलन्त, मग ‘या’. ‘पांढऱ्या मांजरीला दूध दिलं’ हे वाक्य लिहून मला पाठव, त्यात ‘पांढऱ्या’ही येईल आणि ‘दिलं’ही.

तुझी,
आई