व्हिडिओ एडिटिंग अगदी पहिल्यापासून: एक महिना, एकच फिल्म

प्रश्न: एडिटिंगचं काहीच येत नाही. शूटिंग मोबाईलवर करतो, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ऑफिसहून बोरिवलीला पोचल्यावर रोज तासभर मिळतो. महिनाभरात काय शिकू आणि कोणत्या क्रमाने? रोज नवीन ट्युटोरियल बघतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

उत्तर:

ट्युटोरियल विसरतं, कारण त्यातलं फुटेज दुसऱ्याचं असतं. महिनाभर एकच विषय घ्या आणि त्याच फुटेजवर चार आठवडे काम करा. विषय घरातलाच घ्या: आजी (किंवा आई, शेजारच्या काकू, कुणीही) कांदेपोहे करतेय आणि कसे करायचे ते सांगतेय. यात हातांची हालचाल आहे, चांगले आवाज आहेत आणि बोलणं आहे. स्टेशनवर किंवा फलाटावर शूट करायला जाऊ नका, तिथे परवानगी लागते आणि आवाजावर आपला काहीच ताबा राहत नाही.

तुमच्या लॅपटॉपवर डाविंची रिझॉल्व्ह रडतरडत चालेल. त्यापेक्षा शॉटकट घ्या; फुकट आहे, हलकं आहे, आणि खाली सांगितलेलं सगळं त्यात होतं. पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी बटणं तेवढी बदलतील.

पहिला आठवडा: शूट आणि मुका कट

शूट करण्याआधी मोबाईलमध्ये तीन गोष्टी बघा. रिझोल्यूशन १०८०पी, वेग सेकंदाला ३० फ्रेम. एचडीआर बंद, नाहीतर एडिटिंगमध्ये रंग फिक्कट किंवा भडक दिसतात. आणि प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१००. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे १/६० वर ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. ते नंतर नीट निघत नाहीत. प्रो मोड नसेल तर सकाळी खिडकीच्या उजेडात शूट करा आणि लाइट बंदच ठेवा.

वीसेक शॉट घ्या, प्रत्येक दहा सेकंदांचा, मोबाईल न हलवता. महत्त्वाची क्रिया दोनदा घ्या: लिंबू पिळताना एकदा लांबून, एकदा अगदी जवळून. फोडणी, कांदा चिरणं आणि पोह्यांवर पाणी सोडणं यांचंही तसंच. क्रिया सुरू होण्याआधी दोन सेकंद आणि संपल्यावर दोन सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवा, कापायला जागा राहते.

फाइल केबलनेच लॅपटॉपवर घ्या. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि महिनाभर धुरकट चित्रावर काम करावं लागतं. क्लिप आत आणल्यावर शॉटकट बहुधा सांगेल की फ्रेम रेट बदलता आहे आणि क्लिप एडिटिंगजोगी करून देऊ का, असं विचारेल. हो म्हणा आणि सर्वांत लहान फाइलचा पर्याय घ्या. मोबाईल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग किंचित कमीजास्त करत असतो. तशीच फाइल वापरली तर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि चौथ्या मिनिटाला घसरतात. शेवटाकडे घसरण वाढत जाते, हीच त्याची खूण. सुरुवातीपासून तेवढाच फरक असेल, तर कारण दुसरं आहे.

Settings मधून Video Mode ला HD 1080p 30 fps निवडा. चित्र अडखळत असेल तर तिथेच Preview Scaling ३६०पी करा. यामुळे फक्त बघताना चित्र हलकं होतं, शेवटची फाइल पूर्ण दर्जाचीच निघते.

या आठवड्याचा सराव: आवाज पूर्ण बंद ठेवून साठ सेकंदांची पोह्यांची गोष्ट. क्लिप उघडा, J, K, L ने मागेपुढे जा, हवा तो भाग I आणि O ने धरा, A दाबून टाइमलाइनवर टाका. टाइमलाइनवर S ने तुकडा करा आणि नको तो X ने काढा. X दाबल्यावर पुढचं सगळं मागे सरकतं, रिकामी जागा राहत नाही. माउसला कमीत कमी हात लावा.

यात एक कट जिवावर उदार होऊन घोटवा: लिंबू पिळण्याचा. लांबच्या शॉटमध्ये बोटं आवळायला लागली की तिथेच कापा, आणि जवळच्या शॉटमध्ये आवळणं अर्धं झालं असेल तिथून पुढे जोडा. हालचालीच्या मधोमध कापलं की डोळा हालचालीमागे जातो आणि कट जाणवत नाही. हात दोनदा आवळतोय असं वाटलं तर दुसऱ्या शॉटच्या सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेम काढा. उडी मारल्यासारखं वाटलं तर तितक्याच परत द्या. अशा दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे करत वीस वेळा बघणं, हाच या आठवड्याचा अभ्यास आहे. साठ सेकंद जमले की तोच कट तीस सेकंदांचा करा. काय काढलं तरी चालतं, ते तेव्हा कळतं.

दुसरा आठवडा: आवाज

आता आजीला खुर्चीत बसवा आणि पाच मिनिटं बोलतं करा. मोबाईल समोर, आणि घरातला दुसरा मोबाईल व्हॉइस रेकॉर्डर चालू करून तिच्या छातीजवळ, चौकटीच्या जरा खाली. वीतभर अंतरावरचा साधा फोन दोन मीटरवरच्या महागड्या फोनपेक्षा चांगला ऐकू येतो, कारण आवाज जवळ असला की खोलीचा घुमारा त्यामानाने कमी येतो. दोन्ही चालू झाल्यावर एक टाळी वाजवा. पंखा बंद, फ्रिज बंद. (मे महिन्यात पंखा बंद करायला आजी तयार होणार नाही; सकाळी सहाला बसवा, तेव्हा रस्ताही शांत असतो. फ्रिज परत चालू करायला विसरू नका.) शेवटी कुणीही न बोलता तीस सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. ही शांतता पुढे लागणार आहे.

दोन्ही आवाज टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवा. टाळीचा उंच काटा दोन्हीकडे दिसेल. तो फ्रेमवर जुळवा आणि समोरच्या फोनचा आवाज बंद करा. मग लेव्हल. मीटरवर बोलण्याची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये यावीत. शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि रेकॉर्डिंगमध्येच फाटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटकाच राहतो.

सराव: मागच्या आठवड्याच्या तीस सेकंदांना फक्त खरे आवाज द्या, संगीत नाही. फोडणीच्या शॉटवर उजवं क्लिक करून Detach Audio ने आवाज सुटा करा आणि त्याचं डावं टोक ओढून अर्धा सेकंद आधी आणा. आधीच्या शॉटवर कांदा चिरणं चालू असतानाच चर्रर्र ऐकू येतं आणि मग कढई दिसते. आवाजाच्या प्रत्येक कापावर ‘टक्’ होत असेल तर टोकाला दोन-तीन फ्रेमचा फेड द्या.

तिसरा आठवडा: बोलणं कापणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मिळणारं बरंचसं काम याच प्रकारचं असतं. आधी आजीचं बोलणं वहीत जसंच्या तसं उतरवा. समजा ती म्हणाली:

“पोहे पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत. चाळणीत घ्यायचे, वरून पाणी सोडायचं. आमच्याकडे तेव्हा नळ पहाटेच यायचा, भरून ठेवायला लागायचं… हं, काय सांगत होते? वरून पाणी सोडायचं आणि दहा मिनिटं तसेच ठेवायचे.”

‘वरून पाणी सोडायचं’ दोनदा आलंय. कोणतं ठेवायचं? नवशिका पहिलं ठेवतो आणि ‘आणि दहा मिनिटं’ त्याला जोडतो. ऐकायला विचित्र लागतं, कारण पहिल्या वेळी ‘सोडायचं’वर आवाज खाली आलाय, वाक्य संपलंय. दुसऱ्या वेळी तो वर राहिलाय, पुढे काही येणार असल्यासारखा. म्हणून पहिल्यातलं ‘चाळणीत घ्यायचे’ घ्या आणि लगेच दुसरं ‘वरून पाणी सोडायचं आणि…’ जोडा. कागदावर शब्द तेच, कानाला वाक्य अखंड. कट शब्दाच्या ऐन टोकावर मारू नका. पुढच्या शब्दाआधीचा श्वास असेल तर तो ठेवा. श्वास सगळे काढले की माणूस बातम्या वाचतोय असं वाटतं.

सांध्यापाशी आजीचं डोकं उडी मारेल. तो झाकायला वरच्या व्हिडिओ ट्रॅकवर चाळणीचा शॉट ठेवा: सांध्याच्या अर्धा सेकंद आधी सुरू होईल आणि निदान अडीच-तीन सेकंद राहील असा. ऐन सांध्यावरच सुरू केलात तर काहीतरी लपवलंय हे दिसतं. जोडताना मध्ये अंतर ठेवायचं असेल तर रिकामं सोडू नका, तिथे ती तीस सेकंदांची शांतता भरा. नाहीतर कान क्षणभर बहिरा झाल्यासारखा होतो. झाकायच्या शॉटचे स्वतःचे आवाज बोलण्यापेक्षा साधारण १५ डेसिबल खाली ठेवा.

नळाचं वाक्य मात्र फेकू नका. कृतीच्या मधे ते अडथळा आहे, पण फिल्मच्या सुरुवातीला किंवा शेवटी ते पोह्यांपेक्षा जास्त लक्षात राहील.

सराव: पाच मिनिटांचे दोन मिनिटं करा. मग डोळे मिटून ऐका. जिथे सांधा ऐकू येईल तिथे वहीत वेळ लिहा, आणि तेवढेच दुरुस्त करा.

चौथा आठवडा: रंग, नावं, एक्स्पोर्ट

हे लवकर होतं. रंगात फक्त सारखेपणा आणा: White Balance फिल्टरने पांढरी बशी सगळ्या शॉटमध्ये पांढरी दिसू दे, मग उजेड जुळवा. सिनेमासारखा रंग वगैरे या महिन्यात नको.

नावांसाठी मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट घ्या. दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले आणि फुकट आहेत. फॉन्ट टाकल्यावर सॉफ्टवेअर बंद करून उघडा. ‘कुर्ला’ आणि ‘स्थिती’ टाइप करून बघा. रफार आणि पहिली वेलांटी जागेवर बसली तर बाकीचंही बहुधा बसेल. अक्षरं पडद्यावर इतका वेळ ठेवा की तुम्हाला ती सावकाश दोनदा वाचता येतील.

एक्स्पोर्टला YouTube चा प्रीसेट निवडा. सेकंदाला ८ मेगाबिटने दोन मिनिटांची फाइल साधारण १२० एमबी होते. तुमची ६०० एमबी झाली तर बिटरेट उगाच जास्त आहे. एकूण आवाज उणे १४ एलयूएफएसच्या आसपास ठेवा; पूर्ण फिल्म कानाला सरासरी किती मोठी लागते, त्याचं हे माप. Audio Loudness नावाच्या स्कोपमध्ये तो आकडा दिसतो. यूट्यूब त्यापेक्षा मोठा आवाज खाली आणतं, पण बारीक आवाज वाढवून देत नाही.

शेवटचा सराव: तयार फाइल मोबाईलवर, इअरफोन न लावता, पंखा चालू असताना बघा. आजीचा एखादा शब्द कळला नाही तर संगीत किंवा फोडणी आणखी खाली न्या. मग फिल्म न पाहिलेल्या एका माणसाला दाखवा, त्याला काही विचारू नका, फक्त तो मोबाईलवरून नजर कुठे काढतो ती वेळ टिपून घ्या आणि त्या जागेआधीचे पाच सेकंद परत उघडा.