आजी बोलायच्या आधीच अर्धा हॉल हसला

प्रश्न: घरगुती कार्यक्रमाचा 20 मिनिटांचा व्हिडिओ आहे. मराठी आणि इंग्रजी सबटायटल्स एकदमच दाखवायची आहेत. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ आणि स्क्रीनवर गर्दी कशी टाळू?

सॉफ्टवेअर एजिसब घ्या, फुकट आहे. पण गर्दी सॉफ्टवेअरमुळे होत नाही, वाक्य कुठे तोडायचं हे न कळल्यामुळे होते. हे मी भर हॉलमध्ये शिकले.

आजीच्या ऐंशीला आम्ही तिच्या आठवणी रेकॉर्ड करून दाखवल्या. समोर अमेरिकेतली नातवंडं, त्यांना मराठी जेमतेम. शिवाय कमी ऐकू येणारे दोन काका. माझा मावसभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "मराठी बोलणं आहे, मराठी ओळ कशाला? आणि घालायचीच तर आजीचा एक शब्दही गाळायचा नाही." मी ऐकलं. दोन ओळी मराठी, दोन इंग्रजी, अशी चार ओळींची भिंत उभी राहिली आणि तिच्यामागे आजीची हनुवटी गेली.

ते परवडलं. खरा घोटाळा पुढे झाला. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पन्नास पोळ्या सांगितल्या, ही आजीची हातखंडा गोष्ट. ती म्हणते, "आणि त्या पन्नास पोळ्या मी एकटीने..." मग थांबते, सगळ्यांकडे बघते आणि म्हणते, "लाटल्याच नाहीत!" मराठीत नकार शेवटी येतो, तिची सगळी मजा त्यावर. इंग्रजीत तो कर्त्याला चिकटून पुढे येतो. मी अख्खं वाक्य एकाच वेळी दाखवलं होतं. आजी अजून "एकटीने" वर होती आणि नातवंडं हसून मोकळी. मराठी मंडळी वळून बघायला लागली. त्यात पोळीचं अनेकवचन मी polis लिहिलेलं, तर एका नातवाला वाटलं, पन्नास पोलीस आले.

घरी येऊन तो तुकडा असा केला:

```
12
00:01:04,200 --> 00:01:08,400
आणि त्या पन्नास पोळ्या मी एकटीने...
And those fifty rotis, all on my own...

13
00:01:08,600 --> 00:01:10,600
लाटल्याच नाहीत!
I did not roll!
```

पहिली जोडी आजी थांबते तेव्हाही स्क्रीनवर राहते, दुसरी तिच्या तोंडून शब्द निघताना येते. इंग्रजी वाक्य मुद्दाम कर्मापासून सुरू केलं. जरा नाटकी वाटतं, पण आजीही नाटकीच बोलते. दोन्ही भाषांचा अर्थ एकाच जागी तुटेल अशी जागा शोधायची. सापडली नाही तर इंग्रजी वाक्य फिरवायचं, तेही जमत नसेल तर दोन्हींतले शब्द कमी करायचे. प्रत्येक भाषेला एकच ओळ, साधारण 40 अक्षरांच्या आत. बघणारा बहुतेक एकच ओळ वाचतो, म्हणून वेळ दुप्पट करू नका. ज्या ओळीला जास्त वेळ लागेल तिच्यापुरता द्या. इंग्रजीत सेकंदाला साधारण 17 अक्षरांच्या पुढे गेलात की लोक चेहरा बघायचं सोडून नुसतं वाचत बसतात.

मराठी कायम वर, इंग्रजी कायम खाली. मध्येच अदलाबदल केली की डोळा चुकीच्या ओळीवर जातो. इंग्रजीला फिकट पिवळा रंग द्या. देवनागरी थोडी मोठी ठेवा, आणि दोन ओळींत इतकं अंतर हवं की उकार खालच्या अक्षरांवर आदळणार नाही. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता.

फाइल एजिसबच्या .ass प्रकारात आणि UTF-8 मध्येच सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावणार असाल तर सबटायटल्स चित्रातच पक्की करा, कारण बऱ्याच टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात किंवा नुसते चौकोन येतात. त्यासाठी ffmpeg या फुकट प्रोग्रॅमला ही आज्ञा द्या:

```
ffmpeg -i aaji.mp4 -vf "ass=aaji.ass" -c:a copy tayar.mp4
```

आधी एक मिनिटाचा तुकडा काढून "लाटल्याच" नीट दिसतं का बघा. ल आणि या सुटे दिसले, मध्ये पाय मोडलेला ल् लटकला, तर जोडाक्षरं जुळत नाहीयेत. एकदा चित्रात पक्की झाली की चूक पुसता येत नाही, म्हणून .ass फाइल आणि मूळ व्हिडिओ दोन्ही जपून ठेवा.

हे आधी सांगायला हवं होतं: तुमचा व्हिडिओ लोक आपापल्या फोनवर यूट्यूबवरच बघणार असतील, तर हा खटाटोप नकोच. दोन भाषांच्या दोन वेगळ्या फाइल चढवा, ज्याला जी हवी ती तो निवडेल. दोन्ही ओळी एकदम लागतात त्या सगळे एकाच खोलीत बसून बघणार असतील तेव्हा.

आणि मराठी ओळ कशाला, म्हणणाऱ्यांसाठी: ते दोन काका पहिल्यांदाच आजीची गोष्ट शेवटपर्यंत समजून हसले. दादाला हे सांगितलं, तर म्हणाला, "पोळी म्हणजे रोटी नव्हे." परवा त्याने लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवला. चार ओळी आहेत.