साहेबाच्या खुर्चीसाठी पोरीला घडवू नका

"सर, मी वणी तालुक्यात खेडा खरेदी करतो. एका प्रायव्हेट लिमिटेड जिनिंग कंपनीकडे माझे १४ लाख अडकले. चेकही बाउन्स झाला. आता बँकेने कंपनीवर केस टाकली आणि मुंबईहून एक आरपी साहेब येऊन बसले. मालकाची सही बंद, साहेबाची चालू. पेपरात नोटीस येऊन दीड महिना झाला. माझी बिलं कंपनीच्या वहीत आहेतच. पण साहेब म्हणतात मोरॅटोरियम आहे, चेकची केस थांबली. दारावर शेतकरी येतात. पोरगी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे, ७१ टक्के. ती एम.कॉम. करून शिकवायचं म्हणते, पण तिला काय कळते? तिला आरपी करायचं ठरवलं आहे. कोणती परीक्षा द्यावी लागते?" – एक वडील, जिल्हा यवतमाळ

नमस्कार. आरपी म्हणजे रिझोल्यूशन प्रोफेशनल, दिवाळखोरीच्या प्रक्रियेतल्या कंपनीचा कारभार पाहणारा. त्याच्या परीक्षेचं एका ओळीत सांगतो: आधी सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकील होऊन दहा वर्षांचा अनुभव, मग आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाची लिमिटेड इन्सॉल्व्हन्सी परीक्षा आणि नोंदणी. मानेसरच्या आयआयसीए या सरकारी संस्थेत दोन वर्षांचा एक वेगळा अभ्यासक्रमही आहे. नेहमीच्या वाटेने तुमची मुलगी त्या खुर्चीत बसेल तेव्हा पस्तिशीत असेल. तुमच्या जिनिंगचं प्रकरण तोवर कधीच निकाली निघालेलं असेल.

पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या मनातलं तिचं करिअर म्हणजे तुमच्या १४ लाखांची वसुली आहे. उधारीवर कापूस दिलेले लोक रोज दारात उभे राहतात, तेव्हा माणूस काय काय ठरवून बसतो, हे मला समजतं. पण तिच्या इच्छेला तुम्ही एक ओळ दिलीत, आणि पुढच्याच वाक्यात ती खोडलीत. घरातला अपमान भरून काढायला ज्या मुलांना एखाद्या व्यवसायात ढकललं जातं, ती तिथे टिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. शिवाय या व्यवसायाचा पायाच तटस्थपणा आहे. आरपीला कंपनीशी आणि धनकोंशी असलेलं नातं जाहीर करावं लागतं. ज्याच्या वडिलांचे पैसे कंपनीत अडकलेत त्याने त्या कंपनीचा आरपी व्हावं, हे कोणालाच चालणार नाही.

आता तुमचा खरा गैरसमज. आरपी म्हणजे कुणाला किती द्यायचं ते ठरवणारा साहेब, असं तुम्ही धरून चाललात. तसं नाही. एनसीएलटी म्हणजे कंपन्यांची प्रकरणं ऐकणारं न्यायाधिकरण. त्याने प्रकरण दाखल करून घेतलं की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात आणि कारभार आरपीच्या हाती येतो, म्हणून सही त्याची दिसते. तो कारखाना चालू ठेवतो, मालमत्ता जपतो, दावे तपासतो आणि कंपनी घेऊ इच्छिणाऱ्यांकडून प्रस्ताव मागवतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या स्विस रिबन्स निकालात स्पष्ट सांगितलं आहे की त्याचे अधिकार प्रशासकीय आहेत, निवाडा करण्याचे नाहीत. कोणता प्रस्ताव स्वीकारायचा, हे धनकोंची समिती ठरवते. तिला सीओसी म्हणतात. तिच्यात मत फक्त कर्ज देणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः बँकांना असतं. माल देणाऱ्याला नसतं.

आकडे धरून बघा. समजा कंपनीवर एका बँकेचे १८ कोटी आणि दुसरीचे ६ कोटी आहेत. मतं कर्जाच्या प्रमाणात, म्हणून पहिलीकडे ७५ टक्के आणि दुसरीकडे २५ टक्के. प्रस्ताव मंजूर व्हायला ६६ टक्के पुरतात, म्हणजे पहिली बँक एकटीच निर्णय घेऊ शकते. तुमच्यासारख्या सगळ्या माल देणाऱ्यांचे मिळून ३ कोटी असतील, तर ते एकूण २७ कोटींच्या १० टक्क्यांहून जास्त भरतात. मग तुमचा एक प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो, पण मत देऊ शकत नाही. कायद्याने तुम्हाला किमान किती मिळायला हवं? कंपनी मोडीत काढली असती तर तुमच्या वाट्याला आलं असतं, किमान तेवढं. पण मोडीत ९ कोटीच येणार असतील, तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण घेतलेल्या बँका एका रांगेत. तुमच्यापर्यंत काही उरतच नाही, म्हणून ते किमान शून्य निघू शकतं. कंपनी घेणारा स्वतःहून प्रस्तावात माल देणाऱ्यांसाठी काही ठेवतो, कारण पुढच्या हंगामात त्याला याच भागातून कापूस घ्यायचा असतो. खरी आशा तिथे आहे.

म्हणूनच तुमच्या पत्रातल्या "वहीत आहेतच" या शब्दांनी मी अस्वस्थ झालो. वहीत असणं पुरत नाही, दावा तुम्हालाच द्यावा लागतो. माल देणाऱ्यांसाठी फॉर्म बी असतो. नोटिशीतली मुदत आरपी नेमल्यापासून १४ दिवसांची, ती गेली. पण प्रकरण दाखल करून घेतल्याच्या तारखेपासून ९० दिवसांपर्यंत उशिराचा दावा देता येतो, म्हणजे अजून वेळ आहे. त्यानंतर उशिराचं कारण पटवत बसावं लागतं. आणि प्रस्ताव एकदा एनसीएलटीने मंजूर केला की त्यात नसलेला दावा संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे पक्कं केलं. बिलं, काटा पावत्या, बँक स्टेटमेंट, जीएसटीची विवरणपत्रं एकत्र करा. रक्कम प्रकरण दाखल करून घेतल्याच्या तारखेपर्यंतची लिहा. नोटीस आयबीबीआयच्या संकेतस्थळावर असते, तिच्यातच आरपीचा ई-मेल असतो. दावा तिथे पाठवा आणि पोच जपून ठेवा. दावा नाकारला किंवा रक्कम कमी धरली, तर एनसीएलटीत अर्ज करता येतो.

चेकच्या केसबद्दल अर्धीच गोष्ट तुम्हाला सांगितली गेली. मोरॅटोरियममुळे कंपनीविरुद्धची वसुली, दावे, जप्ती सगळं थांबतं. चेक बाउन्सची केसही कंपनीपुरती थांबते. पण चेकवर सही केलेल्या आणि कारभार पाहणाऱ्या संचालकांविरुद्ध ती चालू राहू शकते. २०२१ च्या पी. मोहनराज निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तुमच्या तक्रारीत संचालकांची नावं आहेत का, एवढं वकिलाला आजच विचारा. गेटवर जाऊन गाठी उचलायचा विचार कोणी डोक्यात घातला असेल, तर तो मात्र सोडा. विकलेला माल कंपनीचा झाला आणि मोरॅटोरियममध्ये तो उचलणं तुमच्याच अंगावर येईल.

मुलीचं काय? तिला या कामाची गोडी असेल तर बी.कॉम.ला ५५ टक्के राखून सीएच्या इंटरमीजिएटला थेट प्रवेश घेता येतो, आणि आर्टिकलशिपमध्ये एखाद्या आरपीच्या कार्यालयात दावे तपासायला बसता येतं. ते काम आवडलं तर पुढची दहा वर्षं जड जाणार नाहीत. नाही आवडलं, तर एम.कॉम. आणि नेट-सेट ही तिची वाट अगदी सरळ आहे. वाणिज्य नीट शिकवणारी शिक्षिका मिळाली, तर तुमच्यासारखे वडील दीड महिना वहीच्या भरवशावर बसणार नाहीत.

फॉर्म बीचे कागद लावायला तिची मदत घ्या, पण आधी तिला विचारा. तिचं पत्र तिच्या अक्षरात मला येऊ द्या. त्याचं उत्तर मी तिलाच देईन.