साडेसहा ते साडेआठ कोणाचे?

प्रश्न : मॅडम, मी मिहानमधल्या आयटी कंपनीत आहे. टीम लीडची ऑफर आली पण शिफ्ट दुपारी १२ ते रात्री ९ होईल. घरी सासू-सासरे, भासरे, जाऊ, आम्ही दोघं आणि सगळे मिळून तीन लेकरं. जाऊ घरीच असते. विषय काढला की सगळे गप्प होतात. समजूनच नाही राहिलं, नाही कळवून टाकू का?

नाही कळवायची घाई नको, आणि हो म्हणायचीही नको. कंपनीकडून आठ-दहा दिवस मागून घ्या, ते बहुतेक मिळतात. घरचे गप्प होतात कारण तुम्ही म्हणता "शिफ्ट" आणि त्यांना ऐकू येतं "आता सगळं आमच्यावर". नेमकं काय काय आणि किती, हे त्यांनाही माहीत नाही आणि खरं सांगू, तुम्हालाही नाही.

माझ्याकडे नंदनवनमधलं एक कुटुंब आलं होतं, जवळजवळ तुमच्यासारखंच. सून लॅब टेक्निशियन, सीनियरची पोस्ट मिळत होती पण ड्युटी संध्याकाळची. मी तिला एक वही घालायला सांगितली, सात दिवसांची, पानावर दोन रकाने. एकात "हात", म्हणजे काम कोणी केलं, आणि दुसऱ्यात "डोकं", म्हणजे ते काम आहे हे लक्षात कोणी ठेवलं. आठवड्यानंतर वही बघितली तर दिवसभराची बाकी कामं इकडची तिकडे सरकवता येण्यासारखी होती, खरी अडचण होती फक्त साडेसहा ते साडेआठ. बावीस पोळ्या, दोन भाज्या, सासऱ्यांना शुगर म्हणून साडेसातला ताट लागतंच, लहान्याचा होमवर्क, आणि मे महिना होता म्हणून कुलरमध्ये पाणी (नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम नाही असं ज्याला वाटतं त्यानं एकदा तिसऱ्या माळ्यावर बादल्या नेऊन बघाव्या). भांडण नऊ तासांच्या ड्युटीचं नव्हतंच, या दोन तासांचं होतं.

दुसरी गोष्ट "डोकं" रकान्यात दिसली. सिलिंडरचा नंबर, सासऱ्यांच्या गोळ्या संपायच्या आत आणणं, शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज, भांडेवाल्या बाईची सुट्टी, सगळीकडे तिचंच नाव. हात बदलता येतात हो, पण डोकं नाही बदललं तर ड्युटीवर दर अर्ध्या तासाला फोन येतो, "गोळ्या कुठं ठेवल्या?" म्हणून मी म्हणते, काम वाटताना आठवण ठेवणंसुद्धा त्यासोबतच द्यायचं. ज्यानं गोळ्या द्यायच्या त्यानंच त्या संपत आल्यात का हेही बघायचं.

मग बोलणं. सगळ्यांना बैठकीत बसवून एकदम विषय काढू नका, तिथं प्रत्येक जण आपली बाजू सांभाळतो. त्या घरात नवऱ्यानं आपल्या आई-वडिलांशी आधी एकट्यानं बोलून घेतलं आणि जावेशी ही स्वतः बोलली, दोघीच, दुपारच्या चहाला. आणि तिथं जे निघालं ते मला अजून आठवते. जाऊ घरी ब्लाऊज शिवायची, गिऱ्हाईक अकरा ते दोनमध्ये यायचं आणि नेमकं तेव्हाच तिला ओट्यापाशी उभं राहावं लागायचं. तिचं मागणं एवढंच की सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे नको आणि "तू तर घरीच आहेस" हे वाक्य या घरात कोणी बोलायचं नाही. पाच वर्षांत कोणी तिला विचारलंच नव्हतं! तुम्ही पण लिहिलंय "जाऊ घरीच असते". वाक्य साधं आहे, पण तिच्या जागी बसून एकदा वाचून बघा.

सौदा असा झाला. सकाळचा पूर्ण स्वयंपाक आणि सगळ्यांचे डबे साडेदहापर्यंत लहान सुनेकडे. संध्याकाळची भाजी जावेकडे. पोळ्यांना पोळीवाल्या ताई लावल्या, महिन्याचे ३,००० रुपये, आणि ते दोन्ही भावांनी अर्धे-अर्धे द्यायचे. तिच्या वाढलेल्या पगारातून ते देऊ नका असं मी हट्टानं सांगितलं, कारण तिनं पैसे दिले की घरात हिशेब होतो "तिची पोळी, तिची बाई", मग ताई आली नाही की तीही तिचीच चूक. सासऱ्यांचं साडेसातचं ताट, गोळ्या आणि होमवर्क नवऱ्याकडे. कुलर, दूध, सिलिंडर भासऱ्यांकडे. सहा आठवडे करून बघायचं आणि दर रविवारी चहानंतर पंधरा मिनिटं बसायचं, एवढंच ठरलं. कायमचं असं काही नाही, त्यामुळे सासूबाईही तयार झाल्या.

तिसऱ्या आठवड्यात गडबडलंच. नवरा दोनदा उशिरा आला, सासूबाई उठल्या, गुपचूप ताट वाढलं आणि रविवारी म्हणाल्या "मला काही त्रास नाही". हे वाक्य आलं की समजायचं, त्रास सुरू झाला. "जाऊ दे, मीच करते" हे त्याचं दुसरं रूप. त्या घरी मग ठरलं की नवरा सात वाजेपर्यंत निघाला नसेल तर फोन करायचा आणि त्या दिवशी ताट तेरा वर्षांचा पुतण्या वाढेल. तो पठ्ठ्या आजोबांना वाढता वाढता मोबाईल बघायचा ही वेगळी गोष्ट. आणि पोळीवाल्या ताईंनी दांडी मारली की खिचडी-पापड, त्यावर चर्चा नाही.

तुम्ही पण आधी वही घाला, मग कंपनीशी बोला. रोजच १२ ते ९ का, की आठवड्यातून दोन दिवस घरून चालेल, हे ईमेलवर विचारा, तोंडी नको. घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मात्र सहा आठवड्यांचा प्रयोग पुरत नाही, तेव्हा जॉइनिंगची तारीखच पुढं मागा.

प्रश्न : मी बुटीबोरीला एमआयडीसीत आहे. बायकोला कंपनी हैदराबादला तीन आठवडे ट्रेनिंगला पाठवून राहिली. आई म्हणते लोक काय म्हणतील, पोराला कोण बघेल. मी मधल्या मधे अडकलो. आईला कसं पटवू?

दादा, तुम्ही मधे नाही, तुम्ही पोराचे बाप आहात. "हिला जायचंय" असं आईला सांगाल तर आई सुनेवर चिडेल, "आम्ही दोघांनी ठरवलं, ती जाणार आहे, पोराचं मी बघतो" असं सांगाल तर तुमच्यावर चिडेल, आणि स्वतःच्या लेकावरचा राग लवकर उतरते. आपल्या रक्ताच्या माणसाशी आपणच बोलायचं, हा माझा जुना नियम आहे.

पण नुसतं "मी बघतो" म्हणून होत नाही. ती जायच्या आधी एक पूर्ण आठवडा तुम्ही चालवून बघा, ती घरात असताना, आणि तिनं हात लावायचा नाही. पोराचा डबा, व्हॅन किती वाजता येते, कोणत्या दिवशी पीटीचा ड्रेस, ताप आला तर कोणती बाटली आणि किती एमएल. शनिवारपर्यंत तुमच्याकडे तीस तरी प्रश्न जमा होतील, ते तिथंच विचारून घ्या म्हणजे हैदराबादला फोन नाही जाणार. बुटीबोरीहून यायला वेळ लागतो, तर शाळा सुटल्यापासून तुम्ही येईपर्यंत पोरगं कोणाकडे, हे आईला गृहीत न धरता आईला विचारा, जमत नसेल तर शेजारी किंवा मावशी. सरकारचा २०२४ चा टाइम यूज सर्व्हे झाला ना, त्यात सहा वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, तेही जे पुरुष करतात त्यांचाच हिशेब. तीन आठवडे तुम्ही २८९ वाले व्हा, बस.

लोकांचं म्हणाल तर आईला एक तयार वाक्य देऊन ठेवा : "सूनबाई ट्रेनिंगला गेल्या, कंपनीनं पाठवलं." भिशीत विचारलं की आईला गप्प बसावं लागणार नाही. सांगायला काही असलं की अर्धी भीती जाते.

प्रश्न : मी एमपीएससीचा अभ्यास करते, घरूनच. पण पाहुणे आले, चहा, सासूबाईंचा दवाखाना, सगळं माझ्याकडे, कारण "घरीच आहे ना". काय करू?

घरी बसू नका. अभ्यासिका लावा, गल्लीजवळची, आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळेला डबा घेऊन निघा, नोकरीवाल्यासारखं. दार बंद करून आत बसलेली सून घरात दिसतेच, म्हणून हाक येते. पाच तास बाहेर आणि उरलेला वेळ घरात पूर्ण मनानं, असं सांगितलं तर बहुतेक सासवा ऐकतात. प्रीलिम्सची तारीख देवघराजवळच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, त्याच्या आधीचे वीस दिवस दवाखाना कोण नेईल हे आताच विचारून ठेवा. ऐन वेळी विचाराल तर तुम्हीच न्याल.

प्रश्न : मी सासू आहे. वय ६३. दोन्ही सुना नोकरीवर, दोन नातवंडं माझ्याकडे सकाळी ९ ते संध्याकाळी ७. गुडघे दुखतात. भजनी मंडळ सुटलं. बोलले तर वाटेल सुनेच्या नोकरीला आडवी येते. बोलू का?

बोला काकू, आणि लवकर बोला, कारण ज्या सासवा बोलत नाहीत त्या एक दिवस भांडतात.

फक्त "होत नाही माझ्यानं" असं नका म्हणू, त्यावर सुना घाबरतात आणि मुलगा म्हणतो "आई, थोडं सांभाळून घे". तासात मागा. "मंगळवार आणि शुक्रवार, चार ते सहा माझे" असं. भजनाचे दोन दिवस ठरलेले असतातच. तेवढ्या वेळेला नातवंडांचं काय करायचं ते दोन्ही मुलांनी बघायचं, तुम्ही पर्याय शोधून देऊ नका, नाही तर ते कामही तुमच्याच डोक्यावर. एक जण त्या दिवशी लवकर येऊ शकतो, किंवा दोन तासांसाठी मुलगी ठेवता येते, किंवा शाळेतून थेट पाळणाघर.

धाकटं अजून लहान असेल तर सुनांना ऑफिसमध्ये विचारायला सांगा. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते, २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात तसं आलं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाता येतं. कितीतरी बायका हे विचारतच नाहीत, एचआर स्वतःहून सांगत नाही.

आणि गुडघ्यांसाठी, नातवाला उचलून घेणं बंद. त्याला पायरीवर उभं करा आणि मग कडेवर घ्या, वाकून उचलू नका. डॉक्टरला दाखवायला मुलानं न्यावं, सुट्टी टाकून.

प्रश्न : महालक्ष्म्यांना दरवर्षी माझी तीन दिवस सुट्टी जाते, बॉस तोंड वाकडं करतो. घरी सांगू कसं?

तीन दिवस लागत नाहीत. जेवणाचा मधला दिवस पूर्ण टाका आणि बसवायच्या दिवशी हाफ डे, तोही जानेवारीतच कळवून, पंचांगात तारीख असतेच. फुलोऱ्याच्या करंज्या, मसाले, वाती, निवडणं-टिपणं आधीच्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी. सोवळ्यातलं ज्यांना करायचं ते करतील, पण पितळेची भांडी चिंचेनं घासायला, इतवारीतून सामान आणायला आणि पंगतीला वाढायला तुमच्या घरच्या पुरुषांना कोणी बंदी घातलेली नाही. उठवायच्या दिवशी सकाळची आरती झाली की डबा घेऊन निघा, संध्याकाळची आवराआवर दिराकडे, आणि हे त्याला गणपती बसायच्या आधी सांगा.