लहान शेत वेगळं, तुकड्यांचं शेत वेगळं

पोरा,

वाटणीच्या कागदावर सही करू की माझा हिस्सा विकून मोकळा होऊ, असं विचारत तू परवा ओट्यावर बसलास. "एक एकरात काय होतंय काका?" म्हणालास. उत्तर न देता मी आत निघून गेलो, ते रागानं नव्हे. ३० वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी माझ्या वडिलांना विचारला होता आणि नंतर चूक केली होती.

पहिलं लक्षात घे. लहान शेत वेगळं आणि तुकड्यांचं शेत वेगळं. तू दोन्हींना एकच समजतोस, म्हणून गोंधळलास.

लहान शेतात एकरी जास्त पिकतं, हे मी अभिमानानं सांगत नाही. १९५० च्या दशकात आपल्या देशात शेतांच्या हिशेबाच्या पाहण्या झाल्या, त्यांत हे दिसलं होतं. १९६२ साली अमर्त्य सेन यांनी त्यामागचं कारण घरच्या माणसांच्या कष्टात शोधलं. ते आपल्या शिवारात रोज दिसतं. शेजारच्या आठ एकरवाल्याला भांगलायला मजूर लावावे लागतात. आणखी एका बाईच्या मजुरीएवढं जादा भात निघणार नसेल, तर तो तिथंच थांबतो. त्यात त्याचं चुकत नाही. तुझी काकू मात्र थांबत नाही. सांज झाली तरी वाकून राहिलेलं गवत उपटते, भात निघाल्यावर ओल आहे तोवर मसूर टाकते, विहिरीजवळच्या वाफ्यात मेथी काढली की त्याच आठवड्यात कोथिंबीर घालते. आठ एकरवाल्याची जमीन भातानंतर बहुतेक मोकळीच पडते.

पण एकरी जास्त पिकलं म्हणजे माणशी जास्त मिळालं, असं धरू नकोस. समजा, २० गुंठ्यांतून बी-खत वजा जाता वर्षाला ६०,००० रुपये उरले आणि घरच्यांचे मिळून २४० दिवस गेले. म्हणजे दिवसाला २५० रुपये. शिवारातली मजुरी त्याहून जास्त असेल, तर ते जादा पीक तुझ्या घामानं भरून काढलेलं आहे. दिवस मोज. दिवस न मोजता शेती परवडते किंवा परवडत नाही, असं बोलणाऱ्याचं ऐकू नकोस, माझंसुद्धा.

आता तुकड्यांचं. आम्ही चौघे भाऊ. जमीन तीन ठिकाणी. न्याय व्हायला हवा म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला चौथा हिस्सा, हा हट्ट मी धरला. विहिरीजवळचं एक एकर, प्रत्येक बाजू साधारण २०९ फूट, त्याच्या ५२ फुटी चार पट्ट्या झाल्या. मध्ये तीन नवे बांध आले, दोन-दोन फुटांचे. गुणून बघ, सव्वाबाराशे चौरस फुटांवर जमीन बांधांत गेली. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो. म्हणजे गुंठ्याहून जास्त नुसत्या मातीच्या भिंतींत. ट्रॅक्टर पट्टीच्या टोकाला वळताना दुसऱ्याच्या पिकावर चढतो. चौथ्या पट्टीला पाणी तिघांच्या रानातून न्यायचं. धाकट्याशी तीन वर्षं बोलणं नव्हतं, ते पाण्याच्या पाळीवरून. एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायचा पैराही मोडला.

मी अगदीच वेडा नव्हतो, हेही लिहितो. खालचं रान पुरात गेलं तर माळावरचं उरतं, ही भीती खरी होती. प्रत्येकाला प्रत्येक जातीची माती हवी, हे वाडवडिलांपासून चालत आलेलं. पण ती भीती मी पट्ट्या पाडून भागवली, ती चूक. लहान शेत वेगळं, तुकड्यांचं शेत वेगळं.

तुमच्या घरी ३ एकर आहे आणि तुम्ही तिघे. माळ ५४ गुंठे, भाताचं रान ३६, विहिरीजवळचं ३०. तुझ्या चुलत्यांच्या कागदाप्रमाणे तुला १८, १२ आणि १० गुंठे मिळतील. असं करू नका. विहिरीजवळचे ३० गुंठे माळाच्या ५४ च्या तोडीचे आहेत, हे गावातला कुणीही सांगेल. एकेकानं एकेक रान अख्खं घ्या. फरक वाटला तर पैशानं किंवा एक-दोन हंगामांच्या धान्यानं भागवा. चुलता म्हणेल, समान गुंठे हवेत. त्याला सांग, गुंठे समान असले म्हणून पीक समान येत नाही. ऐकला नाही तर मला बोलाव, मी येतो. माझ्या पट्ट्या दाखवायला त्याला घेऊन जातो.

विकायचं असेल तरी घाई नको. एकदा वाटणीत पट्टी पडली की घेणारा शेजारीच उरतो, आणि शेजारी भाव पाडून मागतो.

वाटणीच्या मोजणीचा अकरा-ई नकाशा काढायच्या आधी सगळे उतारे घेऊन रविवारी सकाळी ये. मोजणीची साखळी माझ्याकडे आहे.

तुझा काका